सरासरी ३ आली, पण ३ म्हणणारे होते फक्त चार

(सर्वेक्षणाला जाणाऱ्या मुलामुलींसमोर केलेल्या बोलण्याचा मजकूर. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

पुढच्या रविवारी तुम्ही फॉर्म घेऊन गल्लोगल्ली फिरणार आहात. फॉर्म कसा भरून घ्यायचा ते तुम्हाला सकाळच्या सत्रात सांगून झालंय. मी त्याच्या पुढचं बोलणार आहे. फॉर्म परत आले, आकडे कॉम्प्युटरवर चढवले, आता त्यांचं काय करायचं? कारण बहुतेकजण तिथं एकच गोष्ट करतात, सरासरी काढतात. मीही तेच केलं होतं, आणि चांगलीच तोंडावर पडले होते. तिथूनच सुरुवात करते.

बेळगावजवळचं एक गाव, नाव नको. तिथलं वाचनालय सकाळी ८ ते ११ उघडं असायचं. काही पोरांनी मागणी केली की वेळ बदला. कमिटीनं मला म्हटलं, ताई, तुम्ही स्टॅटिस्टिक्स शिकवता, जरा गावाला विचारून सांगा. मी फॉर्म केला. त्यात एक विधान होतं: ‘वाचनालय सकाळऐवजी संध्याकाळी ६ ते ९ उघडं ठेवावं.’ खाली पाच चौकोन: पूर्ण सहमत, सहमत, ना सहमत ना असहमत, असहमत, पूर्ण असहमत. त्यांना ५ पासून १ पर्यंत आकडे दिले. साठ फॉर्म आले. बेरीज १८०, भागिले ६०, सरासरी बरोबर ३. पाचाच्या पट्टीवर ३ म्हणजे मधोमध. मी अहवालात लिहिलं, ‘या प्रश्नावर गावाचं मत तटस्थ आहे.’ कमिटी म्हणाली, लोकांना फरकच पडत नाही तर बदलायचं कशाला? वेळ तशीच राहिली.

दोनेक महिन्यांनी एक पोरगा मला बसस्टॉपवर भेटला. म्हणाला, “ताई, आमच्या ग्रुपमधल्या सगळ्यांनी पूर्ण सहमतवर खूण केली होती की. मग तटस्थ कोण होतं?”

घरी येऊन मी गठ्ठा परत उघडला. पूर्ण सहमत २२, सहमत ६, मधला चौकोन ४, असहमत ६, पूर्ण असहमत २२. तटस्थ माणसं साठात चार! गाव तटस्थ नव्हतं, गाव सरळ दोन भागांत वाटलेलं होतं, आणि माझ्या सरासरीनं दोन्ही बाजू एकमेकींतून वजा करून टाकल्या होत्या. साठच्या साठ जणांनी मधल्या चौकोनात खूण केली असती तरी उत्तर ३ च आलं असतं.

तुमच्यापैकी कुणीतरी म्हणेल, मग सरासरी नको, मध्यक काढा. पुस्तकात असंच लिहिलेलं असतं, क्रम असलेल्या उत्तरांसाठी मध्यक वापरावा. बघूया की. साठ उत्तरं लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत लावा. पहिली बावीस १, पुढची सहा २, म्हणजे अठ्ठावीस झाली. एकोणतिसावं ते बत्तिसावं उत्तर ३. मध्यक तिसाव्या आणि एकतिसाव्याच्या मध्ये येतो, म्हणजे तोही ३. ज्या चार माणसांना खरंच काही वाटत नव्हतं, त्यांच्याच डोक्यावर जाऊन तो बसला. एका आकड्याच्या जागी दुसरा एक आकडा आणून हे दुखणं जात नाही.

आता सरासरीची दुसरी अडचण, ही जरा खोल आहे. शर्यतीत पहिला, दुसरा, तिसरा कोण ते आपल्याला कळतं. पण पहिला दुसऱ्याच्या केसभर पुढे होता की शंभर पावलं, ते नुसत्या नंबरावरून कळत नाही. आपल्या पाच चौकोनांचंही तसंच आहे. ‘पूर्ण सहमत’ हे ‘सहमत’च्या वर आहे, एवढंच माहीत आहे. किती वर, ते कुणी मोजलेलं नाही. ५ आणि ४ आपण सोयीसाठी लिहिले. सरासरी काढताना मात्र आपण गुपचूप धरून चालतो की प्रत्येक पायरीची उंची सारखीच आहे. एस. एस. स्टीव्हन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९४६ मध्ये मोजपट्ट्यांचे प्रकार वेगळे करून दाखवले, तेव्हापासून या मुद्द्यावर वाद चालू आहे. तो वाद बाजूला ठेवा. प्रत्यक्षात काय बिघडतं ते बघा.

हे उदाहरण माझं रचलेलं आहे, हिशेब सोपा व्हावा म्हणून. विधान असं: ‘फिरती पुस्तकपेटी आमच्या गल्लीत यावी.’ वरच्या गल्लीत दहा माणसं, दहाही ‘सहमत’. खालच्या गल्लीत दहा माणसं, सहा ‘पूर्ण सहमत’ आणि चार ‘असहमत’. वरच्या गल्लीची सरासरी ४. खालच्या गल्लीची तीस आणि आठ अडतीस, भागिले दहा, ३.८. पेटी वरच्या गल्लीत. आता समजा कुणी म्हणालं, पूर्ण सहमत म्हणजे माणूस मनापासून बोलतोय, त्याला ५ नको, ७ द्या. क्रम काही मोडला नाही, ७ हा ४ पेक्षा मोठाच आहे. वरची गल्ली ४ वरच राहिली. खालची बेचाळीस आणि आठ पन्नास, म्हणजे ५. पेटी खालच्या गल्लीत गेली! वीस माणसांतल्या एकानंही उत्तर बदललेलं नाही. बदललं ते टेबलाशी बसून आकडे देणाऱ्याचं मत.

हा धोका कधी असतो आणि कधी नसतो, हे ओळखायची एक साधी रीत आहे. वरून मोजत या. आधी ‘पूर्ण सहमत’ किती टक्के, मग ‘सहमत किंवा त्याहून वर’ किती, मग ‘मधला किंवा त्याहून वर’, असं खालपर्यंत. प्रत्येक पायरीला एकच गल्ली पुढे किंवा निदान बरोबरीत असेल, तर आकडे कसेही द्या, क्रम मोडला नाही तर ती मागे पडणार नाही. निर्धास्त सांगा की तिथं पाठिंबा जास्त आहे. पण आपल्या उदाहरणात पहिल्या पायरीला खालची गल्ली पुढे, सहा विरुद्ध शून्य, आणि दुसऱ्या पायरीला वरची पुढे, दहा विरुद्ध सहा. एकमेकींना ओलांडलं की समजायचं, सरासरीवरून कोण पुढे हे सांगता येणार नाही. तिथं सरळ लिहा की एकीकडे सगळ्यांची साधी संमती आहे, दुसरीकडे जोरदार मागणी आहे पण विरोधही आहे. पेटी कुठं न्यायची ते मग माणसांनी बसून ठरवावं, त्यासाठीच तर कमिटी असते.

मग सरासरी कधीच काढायची नाही का? तसं नाही. ज्याच्या नावानं ही पट्टी ओळखली जाते, त्या रेन्सिस लिकर्टनं १९३२ मध्ये ही पद्धत मांडली तेव्हा एका विधानावर सगळा भार टाकला नव्हता. एकाच विषयावरची बरीच विधानं घ्यायची आणि प्रत्येक माणसाच्या उत्तरांची बेरीज करायची, अशी ती रीत होती. पंधरा-वीस विधानांच्या बेरजेत पायऱ्यांची उंचसखल बरीच मुरते, आणि अशा बेरजांची सरासरी काढणं पुष्कळ अभ्यासकांना चालतं. फक्त उलट्या अर्थाच्या विधानांचे आकडे आधी उलटे करून घ्यावे लागतात, नाहीतर सगळाच घोळ. आपण काय करतो? पट्टी लिकर्टची घेतो आणि एकाच विधानाची सरासरी दोन दशांशांपर्यंत छापतो. ३.४७! त्यातल्या ४७ ला काय अर्थ आहे ते छापणाऱ्यालाही सांगता येत नाही.

तर मग अहवालात काय लिहायचं? वाचनालयाचा अहवाल मी दुसऱ्यांदा लिहिला, तो सांगते. आधी पाचही चौकोनांची मोजणी. शीटमध्ये उत्तरं C रकान्यात असली तर एका ओळीचं काम आहे:

```
=COUNTIF(C2:C61,5)
```

शेवटच्या ५ च्या जागी ४, ३, २, १ घालून तेच परत. मग वाक्य लिहिलं: ‘६० जणांनी उत्तर दिलं. २८ जण बदलाच्या बाजूने, त्यातले २२ पूर्ण सहमत. २८ जण विरोधात, त्यातले २२ पूर्ण असहमत. ४ जण मध्ये.’ टक्केवारी द्या, पण माणसांची संख्या तिच्या शेजारी हवीच. दहा माणसांत एकानं मत बदललं की दहा टक्के हलतात. चित्र हवं असेल तर एकच आडवी पट्टी काढून तिचे पाच रंगांचे तुकडे करा. माझ्या पट्टीची दोन्ही टोकं जाडजूड आणि मधला तुकडा बोटभर आला. कमिटीतल्या आजोबांना चष्म्याशिवाय कळलं.

पण खरा उलगडा पुढच्या पायरीला झाला. गाव दोन टोकांना असेल तर त्या टोकांवर कोण आहे ते विचारायचं. फॉर्मवर मी विचारलं होतं की सकाळी कामाला किंवा कॉलेजला बाहेरगावी जाता का. त्याप्रमाणे गठ्ठे वेगळे केले. बाहेर जाणारे २७, त्यातले २५ बदलाच्या बाजूने, १ मध्ये, १ विरोधात. सकाळी उद्यमबागला शिफ्टला जाणारी पोरं आणि कॉलेजवाले हेच. गावात राहणारे ३३, त्यातले ३ बाजूने, ३ मध्ये आणि २७ विरोधात. यात निवृत्त माणसं होती, आणि मुलं शाळेत गेल्यावर तासभर पेपर-मासिक वाचायला येणाऱ्या बायका होत्या. संध्याकाळी सहाला त्यांच्या घरी धारा काढायच्या असतात, चूल पेटायची असते. संध्याकाळची वेळ म्हणजे त्यांचं वाचनालय बंदच. कमिटीनं शेवटी सकाळी दीड तास आणि संध्याकाळी दीड तास असं केलं.

उत्तर न देणाऱ्यांचंही सांगते, कारण तुमच्या फॉर्मात हे होणारच. कुणी चौकोन रिकामा सोडतो, आणि चढवणारा तिथं ० टाकतो. शीटचं `AVERAGE` रिकामी जागा सोडून देतं, पण ० ला उत्तर धरून मोजतं. सोळा जण ‘सहमत’ आणि चार रिकामे असतील तर सरासरी ४ ची ३.२ होते. चार माणसं न बोलताच विरोधात गेली. म्हणून रिकामं ते रिकामंच ठेवा आणि किती रिकामे ते अहवालात वेगळं लिहा. आणि ‘माहीत नाही’ म्हणणारा माणूस मधल्या चौकोनात ढकलू नका. ज्यानं विचार करून दोन्ही बाजू सारख्या मानल्या तो वेगळा, आणि ज्याला विषयच ठाऊक नाही तो वेगळा.

तुमचा रविवारचा फॉर्म मी काल बघितला. त्यात मधला चौकोन आहे, पण ‘माहीत नाही’ला जागा नाही. अजून छापायला गेलेला नाही ना? मग उजव्या कडेला, पाच चौकोनांपासून जरा अंतर सोडून, सहावा चौकोन घाला. आणि वय, गल्ली, सकाळी बाहेर जाता का, हे तीन प्रश्न शेवटी ठेवा, काढून टाकू नका.