उसन्या केसांचं ओझं

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



गंगावन हा शब्द आपल्याकडे जुना आहे. आजीच्या फणेरपेटीत एखादं गंगावन असायचंच. सणावारी, लग्नकार्यात ते वेणीत गुंफायचं आणि रात्री सोडून ठेवायचं. आज त्याच गंगावनाची नातवंडं पार्लरमध्ये आली आहेत. क्लिपने अडकवायची, टेपने चिकटवायची आणि दोऱ्याने शिवायची, अशा तिन्ही प्रकारांना आपण सरसकट 'एक्स्टेन्शन' म्हणतो. हे उसने केस आपल्या केसांवर किती ओझं टाकतात, किती ओझं चालतं आणि नुकसान सुरू झालं हे कसं ओळखायचं, एवढंच आज बोलायचं आहे.

आधी तिन्हींतला फरक पाहू. क्लिपचे केस सकाळी लावून संध्याकाळी काढता येतात. टेपच्या प्रकारात साधारण चार सेंटिमीटर रुंदीच्या दोन चिकट पट्ट्या असतात. आपल्या केसांची एक पातळ ओळ घेऊन तिच्या वर एक आणि खाली एक पट्टी दाबतात, म्हणजे सँडविचमधल्या काकडीसारखे आपले केस मधे अडकतात. ही जोडी सहा ते आठ आठवडे डोक्यावर राहते. तिसरा प्रकार वीव्हचा. त्यात डोक्याला चिकटून बारीक, घट्ट वेण्या घालतात आणि त्यांच्यावर केसांची झालर सुईदोऱ्याने शिवतात. आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांमध्ये ही पद्धत फार रुळलेली आहे.

ओझं कुठे येतं हे कळण्यासाठी टेपचं उदाहरण घेऊ आणि थोडा हिशोब करू. समजा, एका मुलीचे केस खांद्याखाली पोचणारे, म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटर लांब आहेत. अशा एका केसाचं वजन साधारण दीड मिलिग्रॅम भरतं. डोक्यावर लाखभर केस धरले, तर तिचा स्वतःचा सगळा केशसंभार दीडशे ग्रॅमचा. तिने १०० ग्रॅमचा टेपचा संच लावून घेतला. त्यात ४० पट्ट्या, म्हणजे २० जोड्या, आणि प्रत्येक जोडी पाच ग्रॅमची. एकूण वजन ऐकून वाटतं, यात काय एवढं? स्वतःच्या केसांपेक्षा कमीच आहे की!

पण हे १०० ग्रॅम लाखभर केसांवर पसरत नाहीत. एका जोडीत समजा १२० केस अडकले, तर २० जोड्यांत मिळून २४०० केस झाले. म्हणजे डोक्यावरच्या चाळीस केसांतला जेमतेम एक केस हमाली करतो, बाकीचे नुसते बघतात. पाच ग्रॅम भागिले १२० केले, तर प्रत्येक केसावर ४० मिलिग्रॅमचं ओझं येतं. ते त्याच्या स्वतःच्या वजनाच्या पंचवीसपटीहून जास्त झालं, आणि तेही रात्रंदिवस, सहा आठवडे.

यावर कुणी विचारेल, मग केस तुटत का नाही? त्याचं कारण असं, की निरोगी केस फार चिवट असतो. एक केस ५० ग्रॅमच्या आसपासची ओढ सहन करतो. त्यामुळे नुसत्या टांगलेल्या वजनाने केस तुटत नाही. धोका मुळाशी आहे. केस जिथून उगवतो त्या रोमकूपाला सततची ओढ सोसत नाही. त्याच्याभोवती सूज येते, वाढीच्या अवस्थेतला केस वेळेआधीच विश्रांतीत जातो आणि गळतो. त्या जागी नवा केस येतो तो आधीपेक्षा बारीक. ही ओढ वर्षानुवर्षं चालली, तर रोमकूपाच्या जागी व्रणाचा धागा तयार होतो आणि मग तिथे केस कधीच उगवत नाही. वैद्यकात याला ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात. ओढीने पडलेलं टक्कल, असं आपण म्हणू. १९०७ साली ग्रीनलंडमधल्या, केस घट्ट वर ओढून बांधणाऱ्या स्त्रियांमध्ये त्याचं वर्णन झालं होतं. आपल्या देशात केसांची घट्ट गाठ बांधणाऱ्या शीख पुरुषांमध्येही ते पाहण्यात आलं आहे. म्हणजे दोष उसन्या केसांचा नाही, ओढीचा आहे.

म्हणूनच 'किती ग्रॅम चालतील?' या प्रश्नाला सगळ्यांसाठी एकच आकडा नाही. पार्लरच्या व्यवसायात नाजूक केसांसाठी १०० ग्रॅमच्या आत आणि दाट केसांसाठी दीडशेच्या आसपास, असा ढोबळ अंदाज धरतात. पण खरा प्रश्न विचारायचा तो असा, की या एका पट्टीचं ओझं माझे किती केस उचलणार? वरच्याच उदाहरणात मुलीचे केस विरळ असतील आणि पट्टीत १२०ऐवजी ६०च केस आले, तर संच तोच असूनही प्रत्येक केसावरचं ओझं दुप्पट होतं. अशा वेळी जोडीतली एकच पट्टी केसांची घ्यावी आणि दुसऱ्या बाजूला नुसती बिनकेसांची चिकटपट्टी लावावी. वजन जवळपास निम्म्यावर येतं. लांबीचंही तसंच आहे. तेवढीच दाट पण दीडपट लांब झालर घेतली, की ओझंही दीडपट होतं. लांबी हवी असेल तर दाटपणा कमी करावा, दोन्हींचा हट्ट धरू नये.

आता काळाकडे वळू. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. टेप लावताना ती टाळूपासून अर्धा सेंटिमीटर दूर असते. सहा आठवड्यांनी ती दोन सेंटिमीटरवर येते, दहा आठवड्यांनी जवळपास तीनवर. जवळ असलेली पट्टी डोक्यालगत पडून राहते. लांब गेलेली पट्टी लोंबकळते, झोपेत उलटीपालटी होते आणि मुळाला पीळ देते. दरम्यान नैसर्गिकरीत्या गळालेले केस टेपमध्येच अडकून राहतात आणि शेजारच्या केसांशी त्यांचा गुंता होतो. मग कंगवा फिरवला, की एरवी मिलिग्रॅममध्ये असलेली ओढ एका झटक्यात कित्येक ग्रॅमवर जाते. पैसे वाचवायला आठचे दहा-बारा आठवडे करणं महागात पडतं ते यामुळे.

टेप काढताना हातात केसांचा पुंजका येतो आणि मुली घाबरतात. इथेही हिशोब उपयोगी पडतो. रोज ५० ते १०० केस गळणं स्वाभाविक आहे. टेपमध्ये डोक्यावरच्या केसांचा चाळिसावा भाग अडकलेला असेल, तर सहा आठवड्यांत तिथे ५० ते १०० गळालेले केस साठणारच. तेवढ्याने घाबरू नये. पण केस हातात घेऊन त्यांचं टोक बघावं. टोकाला बारीक पांढरा ठिपका असेल, तर तो केस मुळापासून आलेला आहे. ठिपका नसेल, तर तो मधेच तुटलेला आहे. तुटलेले केस जास्त असतील, किंवा पुंजक्यात शे-सव्वाशेच्या जागी तीन-चारशे केस दिसले, तर पुन्हा टेप लावायची नाही. आणि टेप ओढून काढायची नाही, द्रावण लावून ती सुटू द्यायची. खोबरेल तेलाने टेपची पकड सैल होते, त्यामुळे रोज मुळाशी तेल चोपडणाऱ्यांनी या वाटेला न गेलेलंच बरं.

क्लिपचं वजन रात्री उतरतं, हा तिचा मोठा गुण. पण रोज त्याच जागी क्लिप लावली, तर तेवढाच पट्टा विरळ होतो. लग्नात तर आधी दीडशे ग्रॅमचे केस, त्यावर घट्ट अंबाडा, त्यावर पिना आणि पाणी शिंपडलेले भरघोस गजरे. एक दिवस हे चालून जातं. पण साखरपुडा, मेंदी, हळद, लग्न आणि स्वागतसमारंभ असे ओळीने दिवस असतील, तर निदान एक-दोन दिवस केस मोकळे किंवा सैल वेणीत ठेवावेत. क्लिप लावून झोपू तर मुळीच नये.

वीव्हबद्दल पुरुषांनाही एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडे 'हेअर वीव्हिंग'च्या जाहिराती कित्येक वर्षं येत आहेत. त्यात टोप उरलेल्या केसांच्या कडेला दोऱ्याने बांधतात. टोपाचं सगळं ओझं त्या कडेवर येतं, कडेचे केस गळतात, टक्कल रुंदावतं आणि पुढच्या वेळी टोप आणखी मोठा लागतो.

आता खुणा. पहिली खूण दुखण्याची. पार्लरमधली ताई सांगते, "पहिल्या दिवशी थोडं खेचतंच, दोन दिवसांत सवय होईल." श्रोतेहो, सवय होत नाही. मूळ दुखतं आहे याचा अर्थ ओढ जास्त आहे, एवढाच. लावून झाल्यावर प्रत्येक पट्टी वर, खाली, दोन्ही बाजूंना उलटून पाहावी. कुठेही दुखलं तर तिथल्या तिथे काढून पुन्हा लावून घ्यावी. गोळी घेऊन झोपू नये.

दुसरी खूण म्हणजे केसांच्या मुळाशी लाल पुरळ किंवा बारीक फोड. तिसरी खूण बहुतेकांना माहीत नसते. केसांभोवती मुळाजवळ पांढरी, नळीसारखी बारीक आवरणं दिसतात. कोंडा समजून लोक शाम्पू बदलतात, लिखा समजून फणी फिरवतात. फरक ओळखणं सोपं आहे. कोंडा झटकला की पडतो, लीख केसाला घट्ट चिकटते आणि हे आवरण बोटाने केसावरून खालीवर सरकतं. ते दिसलं तर ओढ अजून चालू आहे असं समजावं.

चौथी खूण कानशिलांवर आणि कानांच्या वर दिसते. तिथले केस विरळ होतात, पण कपाळाच्या अगदी कडेला बारीक लवेची झालर तशीच राहते, कारण ते तोकडे केस बांधण्यात येतच नाहीत. मागे विरळ पट्टा आणि पुढे लव, असं चित्र दिसलं की निदान बहुधा ओढीचंच असतं. म्हणून कडेपासून दोन बोटं जागा सोडूनच पट्टी किंवा क्लिप लावावी.

इथवरच्या खुणा वेळेत ओळखून ओझं उतरवलं, तर केस बहुधा परत येतात. त्याला काही महिने लागतात, कारण नवा केसही महिन्याला एक सेंटिमीटरच वाढणार. त्या काळात घट्ट पोनीटेलही नको. तीन-चार महिन्यांत फरक दिसला नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं. मात्र त्वचा गुळगुळीत, चकचकीत झाली आणि रोमकूपांची छिद्रंच दिसेनाशी झाली, तर औषधाने तिथे केस येत नाहीत.

आजी गंगावन रात्री सोडून ठेवायची. डोक्याला रोज काही तास ओढीतून सुटका मिळायची, ती त्यामुळेच.