पाळीतील पोटदुखी : शेक कधी, डॉक्टर कधी

(अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्त्या यांच्या प्रशिक्षण वर्गात एका स्त्रीरोगतज्ज्ञ भगिनीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



दहावीत शिकणारी एक मुलगी आईबरोबर माझ्याकडे आली होती. पाळीच्या पहिल्या दिवशी ती शाळा बुडवते, पोट धरून पडून राहते आणि एकदोनदा उलटीही होते, अशी तक्रार होती. आई म्हणाली, "बाई, आम्हीपण असंच सोसलं. लग्न झालं की थांबेल." मी मुलीला एवढेच विचारले, "दुखणे नेमके केव्हा सुरू होते आणि केव्हा थांबते?" तिने चटकन उत्तर दिले, "अंगावरून जायला लागले की तासाभरात सुरू होते. दुसऱ्या दिवशी दुपारी थांबते." तिच्या या उत्तरानेच माझे अर्धे काम झाले.

ही साधी पोटदुखी होय. पहिली पाळी आल्यावर काही महिन्यांनी, म्हणजे अंडाशयातून दरमहा स्त्रीबीज सुटू लागले की ती सुरू होते. गर्भ राहिला नाही म्हणजे गर्भाशयाच्या आतले अस्तर सुटू लागते. या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचा स्नायू जोराने आवळतो, त्याच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि रक्तपुरवठा घटल्याने कळ येते. ही कळ ओटीपोटातून कमरेत व मांड्यांत उतरते. हीच द्रव्ये रक्तात मिसळली की मळमळ, पातळ शौच व डोकेदुखी होते. रक्तस्राव सुरू होताना किंवा त्याच्या थोडे आधी ही कळ येते, पहिल्या दिवशी सर्वांत तीव्र असते आणि बहुधा दोन, फार तर तीन दिवसांत निवते. मुलगी नाजूक आहे किंवा कामाला टाळते, असे म्हणण्यास येथे जागा नाही.

आता शेकाविषयी. आपल्या आजी पोटावर गरम विटेचा किंवा वाळूच्या पुरचुंडीचा शेक देत असत. हा उपाय खरोखर उपयोगी आहे. 2001 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्त्रियांच्या ओटीपोटावर सुमारे 39 अंश सेल्सिअस उष्णतेची पट्टी दिवसाचे बारा तास ठेवली होती. आयबुप्रोफेनच्या गोळ्यांनी जेवढा आराम पडला, जवळपास तेवढाच त्या पट्टीने पडला. 39 अंश म्हणजे अंगाच्या उष्णतेहून थोडेच अधिक, ही गोष्ट ध्यानात घ्यावी. चटका बसेल इतक्या उष्णतेने गुण अधिक येत नाही, कातडी मात्र भाजते.

रबरी पिशवी उकळत्या पाण्याने भरू नये. पाणी थोडे निवू द्यावे, पिशवी दोनतृतीयांश भरावी, ती दाबून आतली हवा काढावी आणि मग झाकण घट्ट बसवावे. झाकण सैल राहून मांडी भाजलेल्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत. पिशवी टॉवेलात गुंडाळावी आणि पंधरावीस मिनिटे ओटीपोटावर किंवा कमरेवर ठेवावी. थोड्या वेळाने पुन्हा शेकण्यास हरकत नाही, पण ती पोटाशी घेऊन झोपू नये. वीट किंवा पुरचुंडी असेल तर ती आधी मनगटाच्या आतल्या बाजूस लावून पाहावी. महिनोन् महिने फार गरम शेक घेणाऱ्या स्त्रियांच्या पोटावर जाळीसारखे तपकिरी डाग उमटतात. असा डाग दिसला की ही बाई बरेच दिवस मुकाट्याने दुखणे सोसत आली आहे, असे मी समजते.

शेकाबरोबर थोडे चालणे आणि कंबर सैल करणारे हलके व्यायाम करावेत, कोमट पाण्याने स्नान करावे. 'कावळा शिवला' म्हणून मुलीला एका कोपऱ्यात गोणपाटावर निजविण्यापेक्षा तिने हिंडतेफिरते राहणे कितीतरी बरे.

एवढ्याने भागले नाही तर गोळी घ्यावी. मात्र पुष्कळ स्त्रिया कळ असह्य झाल्यावर ती घेतात आणि मग गुण येत नाही म्हणतात. गोळी त्या द्रव्यांची नवी निर्मिती थांबवते. आधीच तयार झालेली द्रव्ये ती काढून टाकीत नाही. म्हणून पहिली कळ जाणवताच घ्यावी. त्या मुलीला मी आयबुप्रोफेन 400 मिलिग्रॅमची एक गोळी खाल्ल्यानंतर, आठ आठ तासांनी, दोन दिवस घेण्यास सांगितले. पोटात व्रण, दमा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, अथवा दिवस गेल्याची शंका असेल, तर ही गोळी डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नये. तिसऱ्या महिन्यात ती मुलगी पाळीच्या पहिल्या दिवशी परीक्षेस बसली.

परंतु सगळ्याच पोटदुख्या अशा नसतात. आपल्यासारखीच एक सेविका, वय अठ्ठावीस, शेक आणि गोळ्या घेत दोन वर्षे काढून माझ्याकडे आली. पूर्वी तिला पाळीचा त्रास नव्हता. मी तिला भिंतीवरच्या कॅलेंडरावर तीन महिने खुणा करण्यास सांगितले : स्रावाच्या दिवशी फुली, दुखण्याच्या दिवशी गोल. साध्या दुखण्यात फुल्या आणि गोल बरोबरच सुरू होतात आणि गोल आधी संपतात. तिच्या कॅलेंडरावर गोल फुलीच्या तीन दिवस आधी सुरू झाले होते आणि फुल्या संपल्यावरही दोन दिवस होते. शिवाय विचारल्यावर तिने सांगितले की, पाळीच्या दिवसांत शौचाला बसताना कळ येते आणि पतीसंबंधही दुखतो. हे तिने कुणालाच सांगितले नव्हते. सोनोग्राफीत डाव्या अंडाशयात जुन्या रक्ताने भरलेली चार सेंटिमीटरची गाठ आढळली. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या या विकारास एंडोमेट्रिओसिस म्हणतात. संप्रेरकांच्या गोळ्यांनी तिचे दुखणे आटोक्यात आले. मात्र सोनोग्राफी निर्दोष आली म्हणून हा विकार नाहीच, असे म्हणता येत नाही. कॅलेंडर तसेच दिसत राहिले तर पुन्हा दाखवावे.

तेव्हा दुखणे नव्याने सुरू झाले, दर महिन्यास वाढत गेले, पाळीबाहेरच्या दिवसांतही राहिले किंवा वेळेवर गोळी घेऊनही तीन पाळ्यांत हटले नाही, तर तपासणी करावी. तासातासाला घडी बदलावी लागत असेल तरीही करावी. एखाद्या चौदापंधरा वर्षांच्या मुलीस पाळी आलेलीच नाही, पण दरमहा ओटीपोट दुखते, अशी तक्रार आली तर तिला अवश्य पाठवा. योनिमार्ग पडद्याने बंद असून आत रक्त साठत असण्याचा संभव असतो आणि तो छोट्या शस्त्रक्रियेने मोकळा करता येतो.

दोन प्रसंगी मात्र शेकत बसू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पाळी चुकली असताना एका बाजूस तीव्र कळ व भोवळ आली, तर गर्भ नलिकेत राहून ती फुटलेली असू शकते. दुखण्याबरोबर ताप व दुर्गंधी स्राव असेल, तर जंतुसंसर्ग समजावा.

शेवटी एक गोष्ट, जी बीड जिल्ह्यातील भगिनींना ठाऊक आहेच. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याच्या तक्रारींवरून 2019 साली राज्य शासनास चौकशी समिती नेमावी लागली. त्यांतील कितीतरी जणी पोटदुखी किंवा अंगावरून जाणे एवढ्याच तक्रारी घेऊन दवाखान्यात गेल्या होत्या. साध्या पाळीच्या दुखण्यासाठी गर्भाशय काढण्याचे कारण नाही. एंडोमेट्रिओसिसमध्येही रोग गर्भाशयाबाहेर असल्याने ते काढल्यावर दुखणे राहू शकते. आपल्या गावातील कुणाला असा सल्ला मिळाला तर तिला तीन महिन्यांचे कॅलेंडर बरोबर देऊन जिल्हा रुग्णालयात दुसरे मत घेण्यास पाठवा.