पाणी गोड लागतंय, पण फ्लोराइड गेलंय का?

मी दिल्लीत सरोजिनी नगरला राहतो. इथे घराघरात ओट्याच्या वर आरओ लटकलेला असतो, त्यामुळे पाणी शुद्ध करायचं म्हणजे आरओ बसवायचा, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. माझं गाव यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याकडे. त्या पट्ट्यात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड असणं नवीन नाही. मागच्या उन्हाळ्यात चुलत भावाचा फोन आला, "दादा, पोरांच्या दातांवर पिवळे डाग पडलेत. आरओवाला येऊन गेला. त्याने पेन बुडवून दाखवला, आकडा ७०० आला. मशीन घेऊ का?"

मी म्हटलं, थांब. तो पेन टीडीएस मोजतो, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार. फ्लोराइड त्याला वेगळं दिसत नाही. आधी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत नमुना दे. अहवाल आला : लिटरमागे फ्लोराइड ४ मिलिग्रॅम, टीडीएस ७००. भारतीय मानकात फ्लोराइड १ पर्यंत चालतं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. म्हणून मी आधी विचारलं, जवळ कमी फ्लोराइडची एखादी विहीर आहे का? असेल तर दोन्ही यंत्रांची गरज नाही. तशी विहीर नव्हती.

आता हिशेब बघा. ६० घरं, प्यायला आणि स्वयंपाकाला घरी २० लिटर, म्हणजे रोज १२०० लिटर.

आरओ घेतला तर फ्लोराइड नक्की जातं. पण गावातल्या लहान आरओमध्ये साधारण निम्मं पाणी वाया जातं असं धरा. म्हणजे १२०० लिटरसाठी २४०० लिटर उपसा. वाया जाणाऱ्या १२०० लिटरमध्ये फ्लोराइड जवळजवळ दुप्पट, साडेसात-आठच्या घरात. ते बोअरशेजारी शोषखड्ड्यात सोडलं, तर तेच परत आपल्या पाण्यात येणार. आणि आमचा बोअर मे महिन्यात आधीच धापा टाकतो.

ॲक्टिवेटेड ॲल्युमिना म्हणजे पांढरे सच्छिद्र दाणे. पाणी त्यांच्यातून गेलं की फ्लोराइड दाण्यांना चिकटतं, पाणी वाया जात नाही. पण दाण्यांची ताकद मर्यादित असते, आणि क्षारपड, अल्कली पाण्यात ती आणखी घटते. आपण सावधपणे किलोला १ ग्रॅम धरू. लिटरमागे ३ मिलिग्रॅम काढायचे, म्हणजे रोज ३.६ ग्रॅम. १०० किलो दाणे साधारण २८ दिवसांत भरतात. मग ते कॉस्टिक सोड्याने धुवायचे, पातळ आम्लाने शांत करायचे, आणि पहिलं पाणी फेकून द्यायचं. धुतलेल्या पाण्यात महिन्याभराचं फ्लोराइड असतं. त्यात चुना घालून गाळ बसवायचा आणि तो पक्क्या टाकीतच ठेवायचा.

आता खरा मुद्दा. आरओ बिघडला की कळतं. एक तर पाणी येईनासं होतं, नाही तर मेंब्रेन फाटलं की बाहेरच्या पाण्याचा टीडीएस वाढतो, तोच स्वस्त पेन सांगतो. ॲल्युमिना संपला की काहीच कळत नाही. पाणी तसंच येतं, स्वच्छ, गोड. चारचा एक झाला काय अन् एकचा चार झाला काय, ७०० मध्ये पेनला तो फरक दिसत नाही. आणि उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून थोडं दाट होतं.

म्हणून भावाला सांगितलं, ॲल्युमिना घे, पण दोन टाक्या एकामागे एक लाव. दर पंधरा दिवसांनी पहिल्या टाकीच्या बाहेरचं पाणी फ्लोराइडच्या रंग-चाचणी किटने तपासायचं. आकडा १ च्या वर गेला की ती धुवायची. तोपर्यंत दुसरी टाकी गावाला सांभाळते. धुऊन झाली की तिला मागे लावायची, मागची पुढे.

तपासणी आणि धुणं करणारा माणूस, त्याचा पगार, हे ग्रामसभेत आधी ठरवा. तो माणूस मिळणार नसेल, किंवा पाणी इतकं खारं असेल की लोक तसंही पिणार नाहीत, तर आरओ बरा, पण वाया जाणाऱ्या पाण्याची जागा ठरवून. संडास धुणं, भांडी घासणं यांना ते चालतं, फक्त पिऊ नका.

भावाने शेवटी विचारलं, "दादा, एवढा तपासायचा व्याप कशाला?" मी म्हटलं, अरे, पोरांच्या दातावरचे डाग आता पुसता येत नाहीत. पुढच्या पोरांचे दात आणि आपल्या म्हाताऱ्यांची हाडं त्या पंधरा दिवसांच्या वहीवर अवलंबून आहेत.