वेगळ्या शब्दात लपलेला गळा

फौजेतून निवृत्त होऊन सिकंदराबादेत स्थायिक झालो, तेव्हापासून दर रविवारी बंगळुरूच्या नातीला फोनवर एक मराठी कोडं घालतो. तिची शाळा इंग्रजी, बाहेर कन्नड, देवनागरी येते ती हिंदीच्या तासामुळे. मराठी तिच्या कानावर पडते, पण डोळ्यांखालून फारशी जात नाही. हे आधी सांगतो, कारण पुढची सगळी गंमत कान आणि डोळे यांच्यातलीच आहे.

कोडं होतं ‘वेगळा शब्द ओळखा’ या जातीचं: समोर, सापळा, वेगळा, गायक, उदाहरण. प्रत्येक शब्दाच्या पोटात दुसरा शब्द लपलाय. चौघांत एकाच जातीचा, पाचव्यात दुसऱ्या.

नातीनं पाच सेकंदांत उत्तर दिलं. ‘आजोबा, उदाहरण. त्यात पाच अक्षरं आहेत, बाकीच्यांत तीन.’

मी गप्प. उत्तर माझं नव्हतं, पण चूकही नव्हतं. कोडं घालणाऱ्याची ही नेहमीची फजिती. आपण एक फरक लपवतो आणि दुसरा उघड्यावर राहून जातो. मग मी ‘उदाहरण’ काढून तिथे ‘पालक’ घातला. आता पाचही शब्द तीन अक्षरांचे.

तरी त्या ‘उदाहरण’बद्दल एक कबुली देतो. कोडं रचताना मला त्यात आधी ‘रण’च दिसलं. छत्तीस वर्षांच्या नोकरीचा परिणाम. ‘हरण’ सापडायला चहाचा दुसरा कप लागला.

नवी यादी तिला फोनवर वाचून दाखवली. ‘समोर’मधला मोर तिनं लगेच पकडला, ‘सापळा’मधला सापही. पुढे गाडी अडली. ‘गायक’मध्ये काहीच नाही म्हणाली, ‘पालक’मध्येही नाही आणि ‘वेगळा’मध्ये तर ‘वेग’ आहे म्हणाली.

तिचं बरोबर होतं, कारण ती ऐकून शोधत होती. ‘समोर’ आपण ‘स-मोर’ असाच म्हणतो, म्हणून मोर कानाला सापडतो. पण ‘गायक’ म्हणताना तोडतो ‘गा-यक्’ असा. गाय मधोमध कापली जाते. ‘पालक’ होतो ‘पा-लक्’, तिथे पाल गेली. ‘वेगळा’ म्हणताना तर ‘ग’मधला ‘अ’ गळूनच पडतो, ‘वेग्‌ळा’ उरतो, आणि शेवटची दोन अक्षरं एकत्र ऐकूच येत नाहीत.

म्हणून तिला सांगितलं, कागद घे आणि अक्षरं सुटी लिही. तीन अक्षरांच्या शब्दात दोन अक्षरांचे तुकडे दोनच पडतात, पहिली दोन आणि शेवटची दोन. पाच शब्द म्हणजे दहा तुकडे. तिनं लिहून फोनवर वाचले: सम, मोर. साप, पळा. (इथे दोघंही हसलो. साप, पळा!) वेग, गळा. गाय, यक. पाल, लक.

‘गळा!’ ती ओरडली. मोर, साप, गाय, पाल हे प्राणी आणि गळा हा अवयव. म्हणजे वेगळा शब्द कोणता, तर ‘वेगळा’.

एक नियम मात्र आधीच ठरवून घ्यावा लागतो. अक्षर मात्रेसकट मोजायचं. ‘मगरूर’मध्ये मगर आहे असं वाटतं, पण तिथे र नाही, रू आहे. ‘दाता’मध्ये दात नाही. नियम सांगितला नाही तर भांडण ठरलेलं, आणि नातवंडांशी भांडणात आजोबा जिंकत नाहीत. दुसरं म्हणजे लपलेल्या शब्दाचा मोठ्या शब्दाशी अर्थानं संबंध नसावा. ‘गायरान’मधली गाय लपलेली नाही, ती तिथे चरतेच आहे. ‘गायक’मधली खरी लपलेली.

एवढं करूनही पळवाटा उरतात. आमच्या शेजारचे डॉक्टर म्हणाले, वेगळा शब्द ‘सापळा’, कारण हाडांचा सापळा असतो, तो शरीराचा भाग. त्यांना मी कोड्याचं पहिलं वाक्य, पोटात शब्द लपल्याचं, सांगायला विसरलो होतो. ते वाक्य गाळलं तर डॉक्टरांचं उत्तरही मान्य करावं लागतं.

गेल्या रविवारी कोडं तिनं घातलं. स्वतः रचलेलं, मराठीत, हातानं लिहून फोटो काढून पाठवलेलं: दुकान, पहाड, नागरी, उपाय, टाचणी. सगळी तीन अक्षरांची. मी मोजून घेतली. मला दोन मिनिटं लागली. तुमचं उत्तर खाली लिहा.