कातरलेला पुरावा



मोबाइलच्या पडद्याचे चित्र, म्हणजे स्क्रीनशॉट, खोटे बोलणार नाही अशी आपली समजूत असते. ती एका सज्जनाला किती महाग पडणार होती, ते आज सांगावयाचे आहे.

आमच्या सोसायटीत एके सकाळी एक स्क्रीनशॉट घरोघर फिरला. व्हॉट्सॲपवर चिटणीसांनी लिहिलेले एकच वाक्य त्यात होते: ‘हो, अठरा हजार मी घेतले.’ खाली रात्रीची ९:४० ही वेळ. दुपारपर्यंत चिटणीस चोर ठरले आणि सायंकाळी त्यांना पदावरून दूर करण्यासाठी सभा बोलावली गेली.

आम्ही सभेपूर्वी एवढेच केले की, एका सभासदाच्या मोबाइलमधील मूळ संभाषण उघडून पाहिले. त्या वाक्याच्या वर प्रश्न होता: ‘पंपवाल्याने आगाऊ रक्कम परत केली का? कोणी घेतली?’ आणि त्या वाक्याच्या खाली चिटणीसांचेच पुढले वाक्य: ‘उद्या बँकेत भरतो.’ शिवाय सारे संभाषण मागील वर्षीचे निघाले! व्हॉट्सॲप प्रत्येक वाक्याखाली वेळ दाखवते. तारीख मात्र त्या दिवसाच्या आरंभी एका निराळ्या पट्टीत असते. कातर चालली की ती सहज गळते. मग आम्ही सोसायटीचे पासबुक काढले. दुसऱ्याच दिवशी अठरा हजार जमा झालेले होते. एक अक्षरही कोणी खोटे लिहिले नव्हते, आणि तरी आरोप खोटा होता.

तेव्हा असे चित्र हाती आले, तर प्रथम मागचा-पुढचा मजकूर व तारीख मागावी. मग ते वाक्य कोणाचे, ते पाहावे. वर दिसणारे नाव बहुधा त्या मोबाइलच्या मालकाने आपल्या यादीत घातलेले असते. तो कोणालाही कोणतेही नाव देऊ शकतो. म्हणून नावावर न जाता क्रमांक पाहावा. वाक्यापाशी ‘संपादित’ अशी खूण असल्यास लिहिणाऱ्याने मागाहून शब्द बदलले आहेत असे समजावे. पूर्वीचे शब्द मात्र त्या खुणेवरून कळत नाहीत.

एका मोबाइलमधील वाक्ये मालकाला आपल्यापुरती पुसता येतात. म्हणून गटातील दुसऱ्या सभासदाच्या मोबाइलवर तेच संभाषण ताडून पाहावे, आणि पैशाची गोष्ट असेल तर पासबुक पाहिल्यावाचून बोलू नये.

यातले काहीच मिळाले नाही, तर? तर ‘असे एक वाक्य चित्रात दिसते’ एवढेच म्हणावे. आमच्या चिटणीसांची सभेत कोणी क्षमा मागितली नाही. ते पुढल्या महिन्यात आपण होऊन पद सोडून गेले.