घरची चकली आणि चाळीस किलोंची मागणी
(मंडळाच्या महिला शाखेच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या अनेक कुटुंबांत दिवाळीच्या सुमारास फराळाच्या जिन्नसांच्या मागण्या स्वीकारल्या जातात. काही घरांत तो हौसेचा भाग असतो, तर काही घरांत त्या पंधरा दिवसांच्या मिळकतीवर मुलांच्या पुढील सहामाहीचे शुल्क अवलंबून असते. या दुसऱ्या प्रकारच्या घरांना डोळ्यांसमोर ठेवून मी आज बोलणार आहे. ज्या हातची चकली चार घरांत वाखाणली जाते, त्याच हातची चकली चाळीस किलोंच्या मागणीत मऊ का पडते, आणि मागणी पुरी करूनही पदरात काही का उरत नाही, या दोन प्रश्नांपुरतेच आजचे विवेचन आहे. लाडू व करंजी यांचे शास्त्र निराळे आहे. त्यात मी शिरत नाही.

घरची कृती वाट्यांत सांगितलेली असते. चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक वाटी उडदाची डाळ, मूठभर धने, थोडे जिरे, ही भाजणी आपल्यापैकी बहुतेकींना पाठ आहे. परंतु वाटी शिगोशीग भरली की सपाट, मूठ सासूबाईंची की सुनेची, यावर घरी काही बिघडत नाही. तीस पट करताना मात्र तोच फरक तीस पट होतो. म्हणून पहिले काम असे की, आपली नेहमीची कृती नेहमीसारखीच करावी, पण प्रत्येक जिन्नस टाकण्यापूर्वी काट्यावर ठेवून त्याचे वजन वहीत उतरावे. असे तीन वेळा करून जी सरासरी येईल, ती एक किलो पिठाच्या हिशेबात मांडावी. माझ्या वहीत एक किलो भाजणीच्या पिठाला मोहनाचे तेल १०० ग्रॅम, मीठ २० ग्रॅम, तिखट २० ग्रॅम, तीळ २५ ग्रॅम आणि ओवा ५ ग्रॅम असे प्रमाण आहे. आपले प्रमाण निराळे असेल, आणि ते तसेच असावे. आपल्या घरची चव म्हणतात ती तीच.

या यादीत पाणी नाही, हे आपल्या ध्यानात आले असेल. मीठ, तीळ, मोहन ही वजनाने गुणावीत आणि निश्चिंत असावे. पाणी तसे गुणता येत नाही. डाळ जुनी असेल, भाजणी किंचित अधिक झाली असेल, तर पीठ अधिक पाणी मागते. एक किलोला सुमारे ७५० ते ८५० ग्रॅम गरम पाणी लागते; ७५० ग्रॅमपासून आरंभ करावा आणि उरलेले हाताच्या अंदाजाने घालावे. तिखटाचेही तसेच, नवे पोते फोडले की त्याचा जहालपणा चाखून मगच २० ग्रॅमचा आकडा कायम करावा.

आता मुख्य मुद्दा. जिन्नस तीस पट करावेत, पण घाणा तीस पट करू नये. मोठ्या मागणीत चव बिघडते ती बहुतेक या एकाच गोष्टीने. भाजण्याचेच पाहा. मोठ्या कढईत आठ किलो डाळ ओतली तर तळची करपते, मधली कच्ची राहते आणि वरची नुसती गरम होते. अशा भाजणीचे पीठ रंगाने चांगले दिसते, पण त्यात कडवटपणा आणि कच्चा वास दोन्ही एकत्र असतात. म्हणून तांदूळ, हरभऱ्याची डाळ आणि उडदाची डाळ वेगवेगळी, आणि प्रत्येक खेपेस एक ते दीड किलोच भाजावी. उडदाच्या डाळीकडे विशेष लक्ष असावे. ती जास्त भाजली की पिठाचा चिकटपणा जातो आणि सोऱ्यातून चकली तुटत पडते. गिरणीत आपल्या आधी गहू दळला असेल तर थोडे थांबून तांदूळ किंवा डाळ दळली गेल्यावर आपले धान्य द्यावे. घरी आणलेले गरम पीठ डब्यात कोंडू नये. चादरीवर पसरून पूर्ण निवू द्यावे.

पीठ भिजवतानाही तोच नियम पाळावा. सकाळी एकदाच दहा किलो पीठ भिजवून ठेवले तर काम सोपे वाटते, पण दोन तासांत ते वरून कोरडे पडते आणि संध्याकाळपर्यंत, विशेषतः उकाड्यात, त्याला आंबूस वास येऊ लागतो. एका वेळी एकच किलो भिजवावे आणि ते पाऊण तासाच्या आत संपवावे. कोरडे पीठ, मीठ, तिखट व तीळ मिसळून एकेक किलोच्या पिशव्या आदल्या रात्रीच बांधून ठेवल्या, तर प्रत्येक घाण्याची चव सारखी राहते आणि तळणीच्या धांदलीत मीठ विसरण्याचा प्रसंग येत नाही.

तळणीविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण मागणी स्वीकारावी की नाही याचा निर्णय तळणीच करते. एक किलो ओल्या पिठात सुमारे ४०० ग्रॅम पाणी असते. ते सगळे कढईत वाफ होऊन उडावे लागते, आणि त्याला जवळजवळ तीन लिटर पाण्याला उकळी आणण्याइतकी उष्णता लागते. ही उष्णता शेगडीच पुरवते. घरच्या शेगडीवर मोठी कढई ठेवली म्हणून आच मोठी होत नाही. अशा कढईत तीस चकल्या सोडल्या की तेल एकदम निवते, चकल्या तळण्याऐवजी तेलात भिजतात, आणि बाहेर काढल्यावर हाताला तेल लागते. तेलाचा उष्णतामापक बाजारात मिळतो, तो अवश्य घ्यावा. चकली सोडताना तेल १७५ अंशांच्या आसपास असावे आणि सोडल्यावर १५० च्या खाली जाऊ नये. जात असेल तर घाणा मोठा आहे, असे समजावे. सुमारे आठ भाग तेलास एक भाग ओली चकली, हे प्रमाण मला निभावलेले आहे. बुडबुडे जवळजवळ थांबले की चकली झाली. केवळ रंगावर विसंबून काढलेली चकली बाहेरून तांबूस आणि आतून ओलसर राहते, व दुसऱ्या दिवशी मऊ पडते. तेलात सोडताच चकली विरघळू लागली तर मोहन अधिक झाले आहे. थोडे कोरडे पीठ मळून घ्यावे. दगडासारखी कडक झाली तर मोहन कमी पडले आहे.

आता हिशेब करून पाहू. दोन लिटर तेलाच्या घरच्या कढईत तीस-तीस ग्रॅमच्या आठ चकल्या मावतात. तळून त्यांचे वजन सुमारे १७० ग्रॅम भरते. घाण्याला आठ मिनिटे धरली तर तासाला सव्वा किलो चकली निघते. चाळीस किलोंना एकतीस तास नुसते तळण झाले! हा आकडा आधी मांडला तर परवा चाळीस किलो देते असे वचन कोणी देणार नाही. आठ लिटर तेलाची कढई आणि तिला साजेशी मोठी शेगडी भाड्याने आणली, तर एका घाण्यात तीस चकल्या होतात. नऊ मिनिटांच्या हिशेबाने तासाला सव्वाचार किलो. म्हणजे साडेनऊ तास, दोन दिवसांत विभागून. मात्र त्यासाठी दोघींनी सोऱ्या चालवावा लागतो आणि एकीने कढईपाशी उभे राहावे लागते.

एक किलो पिठाची तळून सुमारे एक किलो चारशे ग्रॅम चकली होते. मोडतोड धरून चाळीस किलोंना तीस किलो पीठ लागेल. भाव गावोगाव निराळे आहेत. समजुतीसाठी काही धरू. धान्य व मसाला ३,००० रुपये, दळण ३५०. मोहन आणि तळणीत शोषले गेलेले मिळून बारा किलो तेल, आणि शेवटी काळे पडून टाकावे लागणारे चार किलो, असे सोळा किलो तेल १६० रुपयांनी २,५६०. गॅस ६००, पिशव्या व चिठ्ठ्या ६५०, वाहतूक ४००. ही बेरीज ७,५६० होते. येथपर्यंत पुष्कळ भगिनी येतात आणि थांबतात. भाजणे, तळणे, निवडणे, बांधणे मिळून पन्नास तास मजुरी राहिलीच. ती तासाला ७० रुपये धरली तरी ३,५०० होतात आणि एकूण खर्च ११,०६० वर जातो, म्हणजे किलोला सुमारे २७७ रुपये.

एखादीने शेजारच्या दुकानाकडे पाहून २६० रुपये भाव सांगितला, तर तिला १०,४०० मिळतील. घरातल्या तिघींच्या वाट्याला तासाला ५७ रुपये पडतील आणि नफा शून्य. ३५० भाव घेतला तर मजुरी वजा जाता २,९४० रुपये उरतात. येथे गिऱ्हाईक म्हणते, एवढी मोठी मागणी आहे, शेकडा दहा तरी कमी करा. ते कमी केलेले १,४०० रुपये विक्रीतून दिसायला थोडे, पण नफ्यातून जवळजवळ अर्धे जातात. मोठ्या मागणीत धान्य ठोक भावाने थोडे स्वस्त पडते, एवढीच खरी बचत; तेल आणि हातांचे तास किलोमागे तेवढेच लागतात. म्हणून सूट द्यायचीच तर धान्यात जेवढे वाचले तेवढीच द्यावी.

तेलकट चकली वजनाला भरते, हे काही व्यापाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. शोषलेले तेल चकलीच्या भावाने विकले जाते. पण तीच चकली आठ दिवसांत खवट होते आणि गिऱ्हाईक पुढच्या वर्षी दुसरीकडे जाते, तेव्हा हा लाभ आपल्या कामाचा नाही. तेलही फार दिवस ओढू नये. ते दाट झाले, फेस येऊ लागला, लवकर धूर निघू लागला की टाकावे. पुनःपुन्हा तळलेल्या तेलावर अन्नसुरक्षेच्या नियमांनी २०१८ पासून मर्यादाही घातली आहे.

तळलेल्या चकल्यांचा ढीग करू नये. ढिगाच्या मध्यभागी वाफ अडकते आणि कुरकुरीतपणा तेथेच जातो. एकेक थर पसरून पूर्ण निवाव्यात आणि मगच पिशव्या बंद कराव्यात. दर दिवसाच्या मालातील अर्ध्या किलोची एक पिशवी घरी ठेवावी, तिच्यावर तारीख लिहावी आणि पंधराव्या दिवशी ती फोडून सर्वांनी मिळून खावी. ज्या दिवसाची चकली मऊ निघेल, त्या दिवसाच्या तेलाच्या आणि पाण्याच्या नोंदी वहीत पुन्हा पाहाव्यात.