पुन्हा नीट द्यायची की दुसरा अभ्यासक्रम धरायचा?

(नंदुरबार जिल्ह्यातील विद्यार्थी-पालक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)



नीटचा निकाल लागला की आमच्याकडे एकच प्रश्न घेऊन पालक येतात. "पोरगी पास झाली म्हणतात, पण डॉक्टरीला नंबर लागणार नाही म्हणतात. मग आता अजून एक वर्ष बसवायची, की लॅबचं, फिजिओचं काही मिळतं ते घ्यायचं?" आज तेवढ्याच प्रश्नावर बोलायचे आहे. उत्तर प्रत्येक मुलाचे वेगळे असते. पण ते नुसत्या रँकवरून काढू नये, एवढे मला निश्चित सांगायचे आहे. ते गुणपत्रिकेतून आणि उत्तरपत्रिकेतून काढावे लागते.

पहिली गोष्ट "पास" या शब्दाची. नीटमध्ये पात्र होणे आणि जागा मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यासाठी पात्रतेची रेषा चाळिसाव्या पर्सेंटाइलवर असते. २०२५ साली ती ७२० पैकी ११३ गुणांवर आली. तेवढ्या गुणांवर अर्ज करता येतो, एमबीबीएसची सरकारी जागा मिळत नाही. जागा कुठे संपते हे पाहायचे असेल तर राज्याच्या सीईटी सेलने मागील वर्षी लावलेल्या प्रवेश याद्या काढा आणि आपल्या प्रवर्गातील शेवटच्या प्रवेशाचे गुण बघा. देशभरातील रँक लाखांत असते. ती ऐकून घरात रडारड होते, पण आपल्या मुलाची स्पर्धा प्रामुख्याने राज्याच्या यादीत, आपल्या प्रवर्गातल्या मुलांशी असते. दोन-तीन वर्षांच्या याद्या बघा, कारण पेपर अवघड असला की सगळ्यांचेच गुण खाली येतात. त्या शेवटच्या प्रवेशापासून आपण किती गुण दूर आहोत, तो आकडा कागदावर लिहा. तो आपला पहिला आकडा.

दुसरी गोष्ट अशी की गुण कुठे गेले ते शोधायचे. मी एका मुलीचे उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून आकडे थोडे बदलले आहेत. तिला २२४ गुण होते आणि तिच्या प्रवर्गातील शेवटची सरकारी जागा साधारण शंभर गुण वर होती. घरचे म्हणत होते, शंभर गुण म्हणजे फार झाले, सोडून दे. आम्ही तिची उत्तरपत्रिका आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थेने दिलेली उत्तरसूची शेजारी ठेवून बसलो.

पेपरात १८० प्रश्न असतात. जीवशास्त्राचे ९०, भौतिकशास्त्राचे ४५ आणि रसायनशास्त्राचे ४५. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक गुण वजा. तिचे जीवशास्त्रात ५० बरोबर, ३८ चूक, म्हणजे १६२ गुण. रसायनशास्त्रात १७ बरोबर, २५ चूक, ४३ गुण. भौतिकशास्त्रात ४१ प्रश्न सोडवले, त्यातले १२ बरोबर, २९ चूक आणि गुण फक्त १९.

आता भौतिकशास्त्राकडे नीट बघा. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला तरी चारांपैकी एक उत्तर सरासरीने बरोबर येते. म्हणजे ४१ प्रश्नांत दहा बरोबर नुसत्या अंदाजाने येतात. तिचे बारा आले होते. याचा अर्थ तिला भौतिकशास्त्र कमी येत होते असा नाही, ते तिला शिकवलेच गेले नव्हते. विचारल्यावर कळले की अकरावी-बारावीत बराच काळ त्या विषयाला शिक्षकच नव्हते. जीवशास्त्र मात्र ती स्वतः वाचून शिकली होती.

मग शंभर गुण कुठून येऊ शकतात ते मांडून पाहिले. भौतिकशास्त्रात २५ बरोबर आणि ८ चूक झाले तर ९२ गुण होतात, म्हणजे ७३ वाढले. रसायनात २४ बरोबर आणि १२ चूक झाले तर ८४ होतात, म्हणजे ४१ वाढले. जीवशास्त्र आहे तिथेच राहिले तरी एकूण ११४ गुणांची वाढ. कागदावर हे शक्य दिसते, कारण गुण अशा जागेवर पडले होते जिथे अजून कोणी शिकवलेच नव्हते.

याच्या उलट एक मुलगा होता. त्याची ती तिसरी परीक्षा होती. दोन वर्षे शिकवणी झालेली, तिन्ही विषय पूर्ण वाचलेले, गुण तिन्ही विषयांत सारखे विखुरलेले. आदल्या वर्षी २५१, यंदा २६२. पूर्ण वर्षाच्या कष्टाने अकरा गुण वाढले. त्याच पद्धतीने चौथे वर्ष घालवून सत्तर-ऐंशी गुण वाढतील असे मानायला आधार नव्हता. त्या मुलीपेक्षा त्याचे गुण जास्त होते, तरी पुन्हा परीक्षा देण्याचे कारण तिच्याकडे होते, त्याच्याकडे नव्हते. म्हणून म्हटले, नुसत्या रँकवरून ठरवू नका.

कागदावरची शक्यता खरी आहे का, हे तपासायला आम्ही एक साधी रीत ठेवली आहे. निकालानंतर प्रवेशफेऱ्या सुरू होऊन संपेपर्यंत काही आठवडे जातात. त्या काळात सहा आठवडे फक्त कमकुवत विषय घ्यायचा. भौतिकशास्त्र असेल तर अकरावीचे गतीचे धडे, न्यूटनचे नियम, कार्य आणि ऊर्जा एवढेच. शेवटी या धड्यांवरचे, आधी न पाहिलेले ४५ प्रश्न घड्याळ लावून सोडवायचे. अंदाजाने अकरा बरोबर येतातच. वीस-बावीसपर्यंत पोहोचले तर शिकवले की येते असे दिसते. तेराचौदावरच राहिले, तर पुढचे वर्ष नुसत्या आशेवर जाईल. हा आमचा ठोकताळा आहे, नियम नव्हे. पण घरातल्या वादापेक्षा तो बरा.

तिसरी गोष्ट घरची. महाविद्यालयात नाव असेल तर आदिवासी विकास विभागाचे वसतिगृह आणि शिष्यवृत्ती यांसाठी अर्ज करता येतो. घरी बसून पुन्हा तयारी करणाऱ्याला त्या मिळणार नाहीत असे धरूनच हिशेब करावा. मोफत शिकवणीची योजना चालू आहे का, हे प्रकल्प कार्यालयात जाऊन विचारा. दिवाळीनंतर घरचे ऊसतोडीला गेले की मागे राहिलेल्या मुलीवर धाकटी भावंडे, गुरे आणि चूल येते. मग अभ्यासाचे वर्ष प्रत्यक्षात तीन महिन्यांचे उरते. म्हणून पुन्हा परीक्षा द्यायची तर तीन प्रश्नांची उत्तरे आधी हवीत. भौतिकशास्त्र कोण शिकवणार? ती कुठे राहणार? आणि मे महिन्यापर्यंत घरकाम कोण उचलणार? यातल्या एकाचेही उत्तर नसेल, तर कागदावरचे ११४ गुण कागदावरच राहतात.

आता दुसऱ्या वाटेकडे येऊ. त्या मुलाने प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदवी घेतली. या बी.पी.एम.टी. अभ्यासक्रमात तीन वर्षे शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप असते. हे काम काय असते ते आपल्याच भागातल्या आजारावरून सांगते. सिकलसेल आपल्या पाड्यांवर घरोघरी माहीत आहे. रक्ताची पहिली साधी तपासणी, जिला सोल्युबिलिटी टेस्ट म्हणतात, ती फक्त एवढेच सांगते की सिकल हिमोग्लोबिन रक्तात आहे. माणूस नुसता वाहक आहे की त्याला प्रत्यक्ष आजार आहे, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी लागते. लग्न ठरवताना, गरोदरपणात हा फरक फार मोठा असतो. नमुन्यावर चुकीचे नाव लागले किंवा पहिल्याच तपासणीवर थांबले, तर एखाद्या घरावर चुकीचा शिक्का बसतो. २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान चालू आहे आणि त्याचा मोठा भार अशा तंत्रज्ञांच्या हातांवर आहे.

या वाटेच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. ही पदवी घेऊन डॉक्टर होता येत नाही, औषध लिहून देता येत नाही आणि यातून एमबीबीएसच्या मधल्या वर्षात शिरता येत नाही. "आधी हे घेऊ, मग तिकडे जाऊ" असे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. शिवाय "पॅरामेडिकल" म्हणून सगळे एका प्रक्रियेत नसते. आपल्या राज्यात फिजिओथेरपीचा प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. बी.एस्सी. नर्सिंगला वेगळी सामाईक परीक्षा आहे. ती दिली नसेल तर पर्याय लिहिण्याआधी चौकशी करा. प्रत्येकाची शेवटची तारीख वेगळी असते, म्हणून सहा आठवड्यांची चाचणी चालू असतानाच सगळे अर्ज भरून ठेवा. जात वैधता प्रमाणपत्र अजून हातात नसेल तर ते काम आजच धरा, कारण ते नसेल तर दोन्ही वाटा अडतात.

महाविद्यालय बघताना चार गोष्टी विचारा. पदवी कोणत्या विद्यापीठाची? नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असेल तर विद्यापीठाच्या यादीत महाविद्यालयाचे नाव सापडलेच पाहिजे. प्रत्यक्ष काम कोणत्या रुग्णालयात शिकवणार? पदवीनंतर परिषदेकडे नोंदणी होते का? फीची पावती मिळते का? "आमचे मंडळ सरकारमान्य ट्रस्ट आहे" हे उत्तर पुरेसे नाही. ट्रस्टची नोंदणी झाली म्हणून अभ्यासक्रमाला मान्यता मिळत नाही. मूळ दाखले एजंटच्या हाती देऊ नका.

शेवटी एक मधली वाट पुष्कळांच्या मनात असते. प्रवेश घेऊन ठेवायचा आणि त्याच वर्षी पुन्हा नीटही द्यायची. ज्याला दहा-पंधरा गुण कमी पडले त्याला हे जमू शकते. शंभर गुण मिळवायचे असतील तर रुग्णालयातील कामाबरोबर ते होत नाही आणि दोन्हीकडचा अभ्यास अर्धा राहतो. प्रवेश सोडताना फी परत मिळेल का, मूळ दाखले कधी मिळतील आणि अभ्यासक्रम बदलल्यावर शिष्यवृत्ती चालू राहील का, हे प्रवेश घेण्याच्या दिवशीच लिपिकाकडून समजून घ्या.

त्या मुलीची सहा आठवड्यांची चाचणी एकवीस प्रश्नांवर आली. ती पुन्हा परीक्षेला बसते आहे, तालुक्याच्या गावी एका विश्वासी कुटुंबाच्या घरी राहून. एक निवृत्त शिक्षक आठवड्यातून चार दिवस तिला भौतिकशास्त्र शिकवतात. तिच्या वडिलांशी आमचे ठरले आहे की ही शेवटची वेळ. पुढच्या निकालात भौतिकशास्त्र वाढले नाही, तर ती फिजिओथेरपीचा अर्ज भरेल. हे आताच ठरल्यामुळे निकालाच्या दिवशी घरात भांडण होणार नाही. आपल्या मंडळीत एखादी रिकामी खोली असेल, विज्ञान शिकवणारे कोणी निवृत्त असतील, तर मेळावा संपल्यावर मला भेटा. अशा आणखी दोन मुलींची सोय लावायची आहे.